घरी बोलली जाणारी भाषा

सहामाहीच्या निकालपत्राला पहिलीच्या बाईंनी टाचणीने एक चिठ्ठी लावली होती. अक्षर वळणदार, मजकूर तीन ओळींचा. मुलगी वर्गात बोलत नाही. दिलेल्या सूचना तिला समजत नाहीत. आणखी एक वर्ष पहिलीतच ठेवण्याचा विचार व्हावा.

आईने ती चिठ्ठी शाळेच्या फाटकातच वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि लेकीचा हात धरून चालू लागली. लेक वाटभर बोलत होती. शाळेच्या नळाला दोन तोंडं आहेत पण पाणी एकातूनच येतं, मग दुसरं तोंड कशासाठी ठेवलंय, असा तिचा मुद्दा होता आणि तिला त्याचं उत्तर हवं होतं. असे मुद्दे ती उठल्यापासून झोपेपर्यंत काढायची. म्हणून तर तिच्या आजोबांनी ती तीन वर्षांची असतानाच तिचं नाव ‘वकीलसाहेब’ ठेवलं होतं आणि घरात सगळे तिला तसंच हाक मारत. वकीलसाहेब जेवल्या का, वकीलसाहेबांचा मोजा सापडत नाही. आणि ही वकीलसाहेब वर्गात तोंडात गुळणी धरून बसते म्हणे.

आई एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करायची. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, समासात खुणा करायच्या, पान परत पाठवायचं. बारा वर्षं हेच केल्यामुळे छापखान्यात तिला सगळे ‘दुरुस्तीताई’ म्हणत. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ती आधी तपासायची, मग औषध घ्यायची. त्यामुळे लेकीच्या बाबतीत चूक नेमकी कुठे झाली आहे, हे शोधल्याशिवाय तिला चैन पडणं शक्य नव्हतं.

पहिला संशय तिला दुःखाचा आला. शाळा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि आजोबा गेले. दुरुस्तीताईचे वडील. घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान विकल्यावर घरीच एका टेबलापाशी बसायचे. आईवडील कामावर गेले की दिवसभर नातीला तेच सांभाळत. पोर आता मुकी होणार, असं नातेवाइकांनी तेव्हाच सांगितलं होतं आणि चिठ्ठी वाचल्यावर तिला ते खरंही वाटलं. पण घरी तर ती बोलत होती. आजोबांबद्दलही बोलत होती, अगदी सहज, भूतकाळ-वर्तमानकाळ यांची सरमिसळ करत. खरं तर तिच्यापेक्षा आईच कमी बोलत होती. वडिलांचा विषय निघाला की दुरुस्तीताई उठून काहीतरी आवरायला घ्यायची. घर इतकं नीटनेटकं कधीच नव्हतं, असं नवरा म्हणाला होता. ते कौतुक नव्हतं हे तिला कळलं होतं.

त्या संध्याकाळी तिने लेकीला शाळेचं वाचनपुस्तक उघडायला सांगितलं. लेकीने कोल्हा आणि विहीर हा धडा धडाधड वाचून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळ्या असल्या तरी लिपी एकच होती, त्यामुळे अक्षरं तिला ओळखीची होती. वाचून झाल्यावर आईने विचारलं, “मग कोल्ह्याचं काय झालं?”

लेकीने पुस्तकाकडे पाहिलं, मग आईकडे.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “मी वाचत होते ना.”

दुरुस्तीताई हसली, आणि हसता हसताच थांबली. चूक सापडली होती. पोरीला वाचता येत होतं. आपण काय वाचतोय ते कळत नव्हतं. आणि जी भाषा कळत नाही तिच्यात बोलायचं काय, कप्पाळ?

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आपण दोघं दुरुस्तीवाले. पण शाळा काही अडकलेली लिफ्ट नाही, बटण दाबलं की खाली यायला. काय करणार आहेस?”

“पत्र लिहिणार आहे.”

“किती पानी?” त्याने सावधपणे विचारलं. बायकोला तो ओळखून होता.

पत्र पहिल्यांदा अकरा पानी झालं. जेवणाच्या सुट्टीत, छापखान्यातल्या तिच्या तिरप्या टेबलावर, गठ्ठ्यांच्या आडोशाला बसून तिने ते लिहिलं. पंधरा दिवस ती वाचनालयातून पुस्तकं आणि अहवाल आणत होती. छापखान्याच्या मालकाने ते वाचायला मागितलं, चौथ्या पानावर चष्मा काढला आणि म्हणाला, “ताई, मुख्याध्यापिकेला पत्र लिहिताय की तिची परीक्षा घेताय?” मग तिने स्वतःच्याच मजकुरावर लाल पेन चालवलं. अकराची सहा पानं झाली, सहाची दोन. वडील गेल्यापासून इतकं मन लावून तिने काही केलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं ते शेवटचं पान टाचताना.

दोन पानांत राहिलं ते असं. मूल जी भाषा बोलतं तिच्यात आधी वाचायला शिकलं, तर अक्षरांमागचा अर्थ शोधायची सवय त्याला लागते आणि ती सवय ते पुढे दुसऱ्या भाषेतही नेतं. संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणविषयक संस्थेने हीच शिफारस सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. आफ्रिकेतल्या एका देशात १९७० साली सुरू झालेल्या प्रयोगात मुलांना सहा वर्षं सगळे विषय घरच्या भाषेत शिकवले आणि दुसरी भाषा फक्त एक विषय म्हणून, पण चांगल्या शिक्षकाकडून शिकवली. ती मुलं बाकीच्यांपेक्षा मागे पडली नाहीतच, बऱ्याच बाबतींत पुढे गेली. त्यानंतर इतरत्र झालेल्या मोठ्या पाहण्यांचा कलही तोच होता. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं:

“शाळेची भाषा माझ्या मुलीला यायलाच हवी, आणि उत्तम यायला हवी, अशीच माझी इच्छा आहे. म्हणूनच विनंती आहे की पहिली ते तिसरी वाचन-लेखन आणि गणित घरच्या भाषेतून शिकवावं, आणि शाळेची भाषा रोज, आधी ऐकून-बोलून, मग वाचून शिकवावी. माझी मुलगी ‘नापास’ ठरण्यापूर्वी तिला समजेल अशा भाषेत एकदा तरी प्रश्न विचारले जावेत.”

पत्र शाळेच्या कारकुनाकडे देऊन तिने पोच घेतली. आठवड्याने भेटीला बोलावणं आलं.

मुख्याध्यापिकांना शाळेत मोठ्या बाई म्हणत. खोली लहान, कपाटं मोठी. खिडकीत धुतलेले डस्टर वाळत घातलेले. मोठ्या बाईंपुढे ते दोन पानी पत्र होतं आणि त्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. आपलं लिखाण कुणीतरी तपासलंय हे पाहून दुरुस्तीताईला एकाच वेळी बरंही वाटलं आणि धडकीही भरली.

बोलणं अर्थातच शाळेच्या भाषेत सुरू झालं. मोठ्या बाईंनी पत्र नीट वाचलं होतं. तुमच्याच दाखल्यात सहा वर्षं आहेत, मग तुम्ही तीनच का मागितली, असं त्यांनी विचारलं.

“सहा मागितली असती तर तुम्ही पत्र पुरतं वाचलं नसतं,” दुरुस्तीताई म्हणाली.

मोठ्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्या लगेच मुद्द्यावर आल्या. हे सगळे प्रयोग यशस्वी झाले ते जिथे भाषा येणारे तयार शिक्षक होते आणि मुलांच्या हातात पुस्तकं होती तिथे. नुसती भाषा बदलून काही होत नाही. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे, असं म्हणत त्यांनी एक फाइल पुढे ओढली. पहिलीत त्रेचाळीस मुलं. प्रत्येकाच्या प्रवेश अर्जात ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना आहे. कारकुनाकडून त्यांनी सगळे अर्ज काढवले होते. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस अर्जांत त्या रकान्यात शाळेचीच भाषा लिहिली होती.

“ज्या भाषेसाठी तुम्ही भांडताय ती या वर्गात फक्त दोन मुलांच्या घरी बोलली जाते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि त्या दोघांत तुमची मुलगी नाही.”

त्यांनी अर्ज फिरवून तिच्यासमोर ठेवला.

दुरुस्तीताईने अक्षर ओळखलं. घड्याळाच्या आतले स्क्रू मांडून ठेवावेत तसं एकेक अक्षर सुटं, सारख्या उंचीचं. अर्ज तिनेच घरी आणला होता, पण भरला होता वडिलांनी. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, असं म्हणून. ती स्वयंपाकघरातून एकेक तपशील सांगत होती आणि ते लिहीत होते. त्या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी हाक मारून विचारलं होतं की इथे काय लिहू. तिने विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले होते, “शाळेत घ्यायचंय ना तिला? मग शाळेची लिहितो. उगाच कुणी मागे नको बसवायला.” आणि तिने बरं म्हटलं होतं. बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईने घरची ही चूक पाहूनसुद्धा बरं म्हटलं होतं.

तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, “काय हो बाबा, असं करतात का?” हळू, स्वतःशीच. आणि घरच्या भाषेत.

“सगळ्यांच्या बाबांनी तेच केलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बोलून झाल्यावर दोघींच्याही लक्षात आलं की उत्तर घरच्या भाषेत आलं होतं. मग दुरुस्तीताईने विचारलं, “तुम्ही पण?”

“माझी आई याशिवाय दुसरं काही बोलायचीच नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही वेगळा झाला होता, जरा खालच्या पट्टीतला, घरात वापरायचा. “सव्वीस वर्षं झाली इथे. या खोलीत पहिल्यांदा बोलले असेन.”

मग त्या उठल्या, कपाटातून शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नोंदींची फाइल काढली आणि उभ्याउभ्याच चाळू लागल्या. तिथेही एक रकाना होता: ‘अवगत भाषा’. स्वतःचं पान त्यांनी आधी काढलं. त्यात तीन भाषा होत्या. तिन्ही शिकलेल्या, परीक्षा दिलेल्या. आईची भाषा नव्हती. ती काय शिकलेली थोडीच होती, जी अवगत म्हणून लिहायची? तिसरीच्या बाई, चित्रकलेचे सर, खुद्द कारकून. दारातून जाता-येताना कानावर पडलेल्या एकेका वाक्यावरून मोठ्या बाईंनी बोटांवर नावं मोजली. शाळेतल्या अकरा जणांपैकी निदान पाच जणांच्या घरी तीच भाषा होती आणि एकाच्याही पानावर तिची नोंद नव्हती. शिक्षक नाहीत म्हणून गेल्या वर्षी एका पालकाला त्यांनी स्वतः लेखी नकार दिला होता. फाइल मिटून त्या खुर्चीत बसल्या आणि जरा वेळाने हसू लागल्या. दुरुस्तीताईलाही हसू आवरेना. कारकून दारात येऊन पाहून गेला.

हसणं ओसरल्यावर मोठ्या बाई पुन्हा मोठ्या बाई झाल्या. शालेय समिती कागद पाहते, असं त्यांनी सांगितलं. कागदावर एक्केचाळीस विरुद्ध दोन असेल तर दोन पानी पत्र काय आणि दोनशे पानी काय. आधी रकाना दुरुस्त व्हायला हवा. खाडाखोड चालणार नाही. प्रत्येक पालकाने दुरुस्तीचा अर्ज सहीनिशी द्यायचा, तो मूळ अर्जाला जोडला जाईल.

“आणि मूळ अर्ज?”

“तो तसाच राहतो, खाली. आम्ही काही फेकत नाही.”

दुरुस्तीताईने तिथेच कोरा कागद मागून घेतला. वडिलांच्या अक्षरातला अर्ज समोर ठेवून तिने तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि कारकुनाने तो कागद टाचणी लावून वर जोडला. तिला वाटलं होतं तितकं ते जड गेलं नाही. उलट, एखाद्या पानावर आधीच्या वाचकाची खूण असावी आणि आपण तिच्यापुढे आपली करावी, तसं काहीसं वाटलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, वडिलांसकट, आणि सांगताना काही आवरायला घेतलं नाही.

पुढचे तीन आठवडे शाळा सुटायच्या वेळी ती फाटकापाशी उभी राहायची. मालकाने अर्ध्या तासाची सवलत दिली होती, त्याच्या बदल्यात एका जाडजूड शब्दकोशाचं काम तिच्या गळ्यात मारून. पालकांशी बोलणं म्हणजे घागरीत हात घालून विंचू काढण्यासारखं होतं. फाटकात सगळे घरच्या भाषेत गप्पा मारत उभे असायचे, आणि ती जवळ गेली, रकान्याचा विषय काढला की पटकन शाळेच्या भाषेत शिरायचे. एका नर्सने तर घरच्याच भाषेत ठासून सांगितलं की आम्ही घरी ती भाषा बोलत नाही. बोलून झाल्यावर स्वतःच जीभ चावली आणि कागद मागून घेतला. एका शिंप्याची भीती मात्र खरी होती. त्याला स्वतःला लहानपणी याच कारणासाठी शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तो विसरला नव्हता. त्याला दुरुस्तीताईने पत्र वाचून दाखवलं नाही. तिने फक्त विचारलं की आता तुमचा मुलगा कुठल्या बाकावर बसतो. शिंपी फाटकातून आत वर्गाकडे पाहत म्हणाला, पेन कुठे आहे.

सगळ्यात चिवट होता औषधांच्या दुकानाचा मालक. तो शालेय समितीवर पालकांचा प्रतिनिधी होता, त्यामुळे त्याला वगळून चालणार नव्हतं. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं आणि ते तो भेटेल त्याला ऐकवत असे: घरची भाषा पोराला घरी फुकट मिळते, ती घ्यायला शाळेत कशाला पाठवू? लोक हसायचे, कारण वाक्य चांगलं होतं.

तीन आठवड्यांत एकोणतीस अर्ज जमले; आधीची दोन धरून एकतीस मुलं झाली. समितीची बैठक वर्गातच भरली, मुलांच्या बाकांवर, गुडघे पोटाशी घेऊन. मोठ्या बाईंनी पत्र वाचून दाखवलं, दुरुस्त केलेले आकडे सांगितले. मग औषधवाल्याने आपलं वाक्य म्हटलं आणि दोघेतिघे हसले. मोठ्या बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. बैठकीआधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. घरी ती भाषा बोलणाऱ्या पहिलीतल्या दहा मुलांना त्यांनी एकेक करून दोन छोट्या गोष्टी वाचायला दिल्या होत्या, सारख्याच लांबीच्या, सारख्याच सोप्या. एक शाळेच्या भाषेतली, एक घरच्या भाषेतली, तिसरीच्या बाईंनी लिहिलेली. प्रत्येक गोष्टीवर पाच प्रश्न, गोष्ट ज्या भाषेतली त्याच भाषेत. शाळेच्या भाषेत पन्नासपैकी चौदा उत्तरं बरोबर आली. घरच्या भाषेत त्रेचाळीस.

पहिलीच्या बाई ताठ बसून ऐकत होत्या. चिठ्ठी लावणाऱ्या त्याच. त्यांना स्वतःला घरची भाषा येत नव्हती, दुसऱ्या गावाहून आलेल्या. त्या उठून म्हणाल्या की मी या मुलांना गेले सहा महिने दोनदोनदा सांगत होते आणि मला वाटत होतं ती ऐकत नाहीत. वाक्य साधंच होतं, पण ते सगळ्यांसमोर म्हणायला हिंमत लागते, हे दुरुस्तीताईला कळलं. तिचा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्याची जरा चुटपुटही लागली, कारण तो राग तिने बरेच दिवस जपून ठेवला होता.

औषधवाल्याने तक्ता मागून घेतला. त्याचा मुलगा त्या दहांत होता. शाळेच्या भाषेत एक, घरच्या भाषेत पाच. तो आकड्यांवरून बोट फिरवत राहिला.

“हा एक कुठला बरोबर आलाय याचा?” त्याने विचारलं.

“गोष्टीतल्या कुत्र्याचं नाव,” तिसरीच्या बाई म्हणाल्या.

“आणि या पाचांत?”

“कुत्रा पळून का गेला, तेसुद्धा सांगितलं. कारण घरात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं म्हणाला. ते गोष्टीत लिहिलेलं नव्हतं, त्याने ओळखलं.”

औषधवाल्याने तक्ता परत केला. त्याचं ते चांगलं वाक्य त्यानंतर कुणी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मतदानाच्या वेळी त्याने हात वर केला, खांद्यापर्यंतच, पण केला.

सगळं काही मिळालं नाही. तीन वर्षांची मागणी होती. समितीने दुसऱ्या सत्रापुरता प्रयोग मान्य केला, तोही पहिलीपुरता. रोज सकाळचे दोन तास तिसरीच्या बाई पहिलीवर येणार, वाचन-लेखन आणि गणित घरच्या भाषेत घेणार. तेवढा वेळ पहिलीच्या बाई तिसरीवर जाणार. दुपारी पहिलीच्या बाई शाळेची भाषा शिकवणार, पण आधी तोंडी: खेळ, गाणी, हातवारे, वर्गातल्या वस्तू. ज्या बारा मुलांच्या पालकांनी अर्ज दिले नव्हते त्यांना सकाळी शेजारच्या वर्गात बसण्याची मुभा. वर्षअखेर पुन्हा तशीच दोन्ही भाषांतली चाचणी, आणि तोवर कुणालाही मागे ठेवण्याचा निर्णय नाही. हे शेवटचं वाक्य दुरुस्तीताईने इतिवृत्तात दोनदा वाचून पाहिलं.

राहिली पुस्तकं. ती नव्हतीच. तिसरीच्या बाईंनी त्यावर साधा उपाय काढला. मुलांनी सांगायचं, त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि सगळ्यांनी मिळून तेच वाचायचं. आपणच बोललेलं असल्यामुळे अर्थ न कळण्याचा प्रश्नच नव्हता. आठवड्याला त्यातला एक मजकूर निवडून त्या दुरुस्तीताईकडे पाठवायच्या. छापखान्यात मोठ्या कागदाच्या कडा कापल्यावर लांबट पट्ट्या उरतात, त्या एरवी रद्दीत जात. मालकाने त्या दिल्या. एका पानावर एक ओळ, आठ पानं, मध्ये दोन पिना. अशी पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत तयार होऊ लागली. पहिलं पुस्तक शिंप्याच्या मुलाचं होतं, सुई हरवली आणि बाबा दिवसभर पाय उचलून चालले याबद्दलचं. दुसरं नर्सच्या मुलीचं. तिसरं होतं नळाच्या दुसऱ्या तोंडाबद्दल, आणि त्याचा शेवट वर्गात वाद होऊन तीन वेळा बदलला गेला, असं तिसरीच्या बाईंनी चिठ्ठीत कळवलं. दुरुस्तीताईने त्या पुस्तकांत एकही दुरुस्ती केली नाही. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. मालकाने ते बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, लेखक वाद घालणारे आहेत, आपण कशाला पडा.

लेक लगेच काही बदलली नाही. पहिला आठवडाभर ती सकाळीही गप्पच होती, जणू हा काही डाव आहे का ते पाहत. तिसरीच्या बाईंनी तिला बोलायला लावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात गणिताच्या तासाला तिने पहिल्यांदा हात वर केला आणि उत्तर न देता प्रश्न विचारला. दुपारच्या तासाला ती आणखी महिनाभर गप्प राहिली. मग एके दिवशी पहिलीच्या बाई खिडकीला चुकून दार म्हणाल्या, तेव्हा मागून एक बारीक आवाज आला. शाळेच्या भाषेत, दोनच शब्द: “दार नाही.” पहिलीच्या बाईंनी त्या दिवशी छापखान्यात फोन केला. दुरुस्तीताईने यंत्रांच्या आवाजात दुसरा कान बंद करून तो ऐकला, दोनदा सांगायला लावला, आणि फोन ठेवल्यावर बाबांना सांगायला हवं, असा विचार तिच्या मनात आला. तो येऊन गेला. तिने जाऊन मालकाला सांगितलं, यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, आणि संध्याकाळी नवऱ्याला. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी लांबत गेली.

वर्षअखेरच्या चाचणीत एकतीस मुलांना दोन्ही भाषांत प्रश्न विचारले गेले. घरच्या भाषेत बहुतेकांना सगळं आलं. शाळेच्या भाषेतही आधीपेक्षा दुपटीहून जास्त आलं, जरी अजून बरंच यायचं होतं. एका सत्रावरून फार निष्कर्ष काढू नयेत, असं मोठ्या बाईंनीच समितीत सांगितलं, आणि म्हणूनच हे पुढे चालू ठेवायला हवं, असंही. समितीने दुसरी जोडून दिली. न आलेल्या बारांपैकी सात पालकांनी अर्ज नेले.

निकालपत्र घ्यायला दुरुस्तीताई गेली तेव्हा दुपार होती. या वेळी त्याला काही टाचलेलं नव्हतं. शेवटच्या ओळीत ‘इयत्ता दुसरी’ असं लिहिलं होतं. तिने फाटकात उभं राहून ते वाचलं, एकदा मजकूर म्हणून आणि एकदा सवयीने चुकांसाठी. चूक नव्हती.

परतीच्या वाटेवर लेकीला वह्या घ्यायच्या होत्या, दुसरीच्या, चौकोनवाल्या. दुकानापाशी पोचल्या तर दाराला पाटी लटकलेली. पाटी शाळेच्या भाषेत होती. दुरुस्तीताई मागेच थांबली. सहा महिन्यांपूर्वी तिने ती स्वतःच वाचून अर्थ सांगून टाकला असता. लेक पाटीपाशी गेली. ओठ हलवत एकेक शब्द तिने वाचला, मग एक पाऊल मागे सरून पुन्हा वाचला.

“आज बंद,” ती शाळेच्या भाषेत म्हणाली. मग आईकडे वळून, घरच्या भाषेत: “म्हणजे उद्या उघडं असणार.”

“असं कुठे लिहिलंय?”

“लिहिलं नाहीये. नेहमीच बंद असतं तर आज कशाला लिहिलं असतं?”

दुरुस्तीताईने मान डोलावली. उद्या येऊ म्हणाली, आणि दोघी घराकडे वळल्या.